वर्गसमीकरण न सोडवता मुळांचा हिशेब

2x² − 7x + 4 = 0 हे वर्गसमीकरण दिसायला साधे आहे, पण त्याचे अवयव सहज पडत नाहीत. मधले पद फोडण्यासाठी ज्यांचा गुणाकार 8 आणि बेरीज −7 येईल असे दोन पूर्णांक लागतात, आणि असे पूर्णांक सापडत नाहीत. सूत्र वापरले तर (7 + √17)/4 आणि (7 − √17)/4 ही मुळे मिळतात. दोन्ही अपरिमेय. आता या दोन मुळांच्या घनांची बेरीज किती, असा प्रश्न आला तर पहिला विचार मनात येतो तो मुळे काढून त्यांचे घन करण्याचा. पहिल्या मुळाचा घन केला की (700 + 164√17)/64 येतो, दुसऱ्याचा (700 − 164√17)/64. बेरीज करताना √17 ची दोन्ही पदे एकमेकांना छेदून जातात आणि उरते 1400/64, म्हणजे 21.875.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. समीकरणाचे सहगुणक 2, −7 आणि 4 हे पूर्णांक होते. शेवटचे उत्तरही सरळ परिमेय संख्या आहे. मधल्या मधे √17 हिशेबात आले, दोन ओळी राहिले आणि निघून गेले. जे शेवटी उरणारच नव्हते ते मुळात आणायचे कशाला? सहगुणकांपासून उत्तरापर्यंत थेट वाट आहे, आणि ती मुळांची बेरीज व मुळांचा गुणाकार या दोन राशींतून जाते.

ax² + bx + c = 0 या समीकरणाची मुळे α आणि β मानली, तर डावी बाजू a(x − α)(x − β) अशी लिहिता येते, कारण x च्या जागी α किंवा β ठेवल्यावर ती शून्य व्हायला हवी. हा गुणाकार उलगडला की

ax² − a(α + β)x + aαβ

मिळते. ही राशी आणि ax² + bx + c एकच आहेत, म्हणून पदापद जुळवले की b = −a(α + β) आणि c = aαβ. यावरून

α + β = −b/a, αβ = c/a.

दहावीच्या बीजगणितात हा संबंध बहुधा सूत्राच्या मार्गाने दाखवतात. सूत्रातील दोन मुळांत फरक असतो तो फक्त वर्गमुळापुढच्या अधिक-उणे चिन्हाचा. बेरजेत ते वर्गमूळ उडते, गुणाकारात त्याचा वर्ग होऊन करणी नाहीशी होते. तो मार्ग बरोबरच आहे, पण अवयवांचा मार्ग अधिक खोलवरचे कारण सांगतो. समीकरण कसे सोडवायचे हे ठाऊक नसले तरी सहगुणकांत मुळांची बेरीज आणि गुणाकार आधीपासून नोंदलेले असतात, हे त्यातून कळते.

या दोन ओळींत चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे बेरजेतील उणे चिन्ह. दुसरी म्हणजे a ने भागायला विसरणे. X² चा सहगुणक 1 असलेली उदाहरणे सोडवून सोडवून हाताला सवय लागते आणि 2x² − 7x + 4 मध्येही बेरीज 7 लिहिली जाते. ती आहे 7/2. तिसरी चूक समीकरण सामान्य रूपात न आणता सहगुणक उचलण्याची. 4x = 3 − 2x² असे दिले असेल तर आधी ते 2x² + 4x − 3 = 0 असे मांडायला हवे; मग बेरीज −2 आणि गुणाकार −3/2 येतो. शंका आली तर 2 आणि 3 ही मुळे घेऊन (x − 2)(x − 3) = x² − 5x + 6 एवढे मनात उलगडावे. बेरीज 5 आहे आणि मधल्या पदात −5 आहे, हे समोर दिसले की चिन्हाचा गोंधळ राहत नाही.

आता 2x² − 7x + 4 = 0 कडे परत यायचे. इथे α + β = 3.5 आणि αβ = 2. मुळांच्या वर्गांची बेरीज हवी असेल तर (α + β)² = α² + 2αβ + β² हे नेहमीचे विस्तारसूत्र पुरते:

α² + β² = (α + β)² − 2αβ = 12.25 − 4 = 8.25.

घनांसाठीही तसेच:

α³ + β³ = (α + β)³ − 3αβ(α + β) = 42.875 − 21 = 21.875.

मघाशी करणींच्या वाटेने आलेले उत्तर हेच होते. मुळांच्या व्यस्तांची बेरीज तर एका भागाकारात येते: 1/α + 1/β = (α + β)/αβ = 3.5/2 = 1.75. मुळांमधील अंतर काढण्यासाठी (α − β)² = (α + β)² − 4αβ वापरले की 12.25 − 8 = 4.25 मिळते. या शेवटच्या राशीत एक ओळखीचा चेहरा दडलेला आहे. बेरीज आणि गुणाकार यांच्या जागी −b/a आणि c/a ठेवले की (α − β)² = (b² − 4ac)/a² होते, म्हणजे विवेचक भागिले a चा वर्ग. विवेचक शून्य असला की मुळे समान का असतात, याचे कारण इथे उघड दिसते: त्या वेळी त्यांच्यातील अंतरच शून्य असते.

वर्ग आणि घन यांच्यापुढे जायचे असेल तर दर वेळी नवे विस्तारसूत्र आठवत बसण्याची गरज नाही. α हे मूळ आहे म्हणून α² = 3.5α − 2. दोन्ही बाजूंना α ने गुणले की α³ = 3.5α² − 2α, पुन्हा गुणले की α⁴ = 3.5α³ − 2α². β साठीही हीच समीकरणे खरी आहेत. दोघांची बेरीज केली आणि मुळांच्या n व्या घातांच्या बेरजेला Sₙ म्हटले, तर

Sₙ = 3.5 Sₙ₋₁ − 2 Sₙ₋₂

असा नियम हाती येतो. सुरुवात S₀ = 2 पासून होते, कारण प्रत्येक मुळाचा शून्यावा घात 1 असतो. S₁ = 3.5 आहेच. मग S₂ = 12.25 − 4 = 8.25, S₃ = 28.875 − 7 = 21.875, S₄ = 76.5625 − 16.5 = 60.0625. प्रत्येक पायरीवर दोन गुणाकार आणि एक वजाबाकी, बस्स. पडताळा हवा असेल तर S₄ वेगळ्या रीतीनेही काढता येतो: (α² + β²)² − 2(αβ)² = 68.0625 − 8 = 60.0625. दहाव्या घातांची बेरीज विचारली तरी √17 एकदाही कागदावर येत नाही. मुळे सूत्राने काढून त्यांचे दहावे घात करण्याची कल्पना केली तर या नियमाची किंमत कळते.

हे सगळे ज्या गुणावर उभे आहे त्याला सममिती म्हणतात. α² + β² मध्ये α आणि β यांची अदलाबदल केली तरी राशी तीच राहते. α³ + β³, 1/α + 1/β, (α − β)² यांचेही तसेच. आता समीकरणाच्या बाजूने पाहिले तर त्याला कोणते मूळ α आणि कोणते β हे माहीत नसते. ती नावे सोडवणाऱ्याने दिलेली असतात. म्हणून सहगुणकांतून जे उत्तर निघेल ते नावांची अदलाबदल केली तरी न बदलणारेच असणार. याची उलट बाजू अधिक मोलाची आहे: बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांनी बनलेली प्रत्येक सममित राशी α + β आणि αβ यांच्या साहाय्याने लिहिता येते. भागाकार असेल तेव्हा छेद शून्य नाही एवढे पाहावे लागते. म्हणजे एखादा प्रश्न या पद्धतीने सुटेल की नाही हे हिशेब सुरू करण्याआधीच सांगता येते. नावे बदलून पाहायची. किंमत तीच राहिली तर वाट मोकळी आहे.

α + 2β ही राशी या कसोटीला उतरत नाही. α मोठे मूळ मानले तर तिची किंमत सुमारे 4.22 येते, लहान मानले तर सुमारे 6.28. प्रश्नात मोठे मूळ कोणते हे सांगितलेले नसेल तर ‘α + 2β किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि केवळ बेरीज व गुणाकार वापरून एकच उत्तर काढल्याचा दावा कोणी केला तर कुठेतरी चूक झाली आहे हे नक्की. α − β चेही तसेच आहे. तिचा वर्ग 4.25 हे ठाम सांगता येते. पण ती √4.25 की −√4.25, हे नावे कशी ठेवली त्यावर अवलंबून असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत इथे अधिक-उणे चिन्ह हमखास गळते.

मात्र नुसत्या दिसण्यावर जाऊ नये. α² + 3.5β ही राशी पाहताक्षणी असममित वाटते, एका मुळाचा वर्ग आणि दुसऱ्याची साडेतीन पट. पण α² = 3.5α − 2 हे हातात आहे. ते ठेवले की

α² + 3.5β = 3.5(α + β) − 2 = 12.25 − 2 = 10.25.

नावे बदलली तरी 10.25 च येते. या समीकरणाच्या मुळांपुरती ती राशी सममितच होती, फक्त तिचे रूप वेगळे होते. म्हणून असममित दिसणाऱ्या राशीत मुळाचा दुसरा किंवा वरचा घात असेल तर आधी समीकरणाचाच उपयोग करून तो घात खाली आणावा आणि मग निर्णय द्यावा.

खरोखर असममित असलेल्या राशीलाही ही पद्धत अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. α + 2β ला दोन किमती आहेत: α + 2β आणि β + 2α. या दोन किमतींची बेरीज सममित आहे, 3(α + β) = 10.5. त्यांचा गुणाकारही सममित आहे:

(α + 2β)(β + 2α) = 2(α² + β²) + 5αβ = 16.5 + 10 = 26.5.

बेरीज आणि गुणाकार कळले की समीकरण लिहिता येते, कारण ज्याची मुळे दिलेली आहेत असे वर्गसमीकरण ‘x² − (बेरीज)x + गुणाकार = 0’ असेच असते. इथे ते y² − 10.5y + 26.5 = 0, म्हणजे 2y² − 21y + 53 = 0 असे होते. त्याचा विवेचक 441 − 424 = 17 येतो; मूळ समीकरणातही 17 च होता. तेव्हा एका उत्तराऐवजी दोन उत्तरे असलेल्या प्रश्नाला पद्धत दोन उत्तरांचे समीकरण देते, आणि याहून जास्त मागणे रास्त नाही. ‘ज्याची मुळे अमुक आहेत असे नवे समीकरण तयार करा’ या पाठ्यपुस्तकी प्रश्नाचा खरा अर्थ हा आहे. मुळांचे व्यस्त घेतले तर हे काम आणखी सोपे होते: बेरीज 1.75, गुणाकार 0.5, समीकरण 4x² − 7x + 2 = 0. सहगुणक तेच, फक्त उलट्या क्रमाने.

बेरीज आणि गुणाकार यांवरून दोन संख्या शोधण्याचा प्रश्न वर्गसमीकरण या कल्पनेहूनही जुना आहे. बाबिलोनियातील सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर आयताची लांबी-रुंदी मिळून किती आणि क्षेत्रफळ किती हे देऊन दोन्ही बाजू विचारणारी उदाहरणे आहेत. अशा एका उदाहरणात बेरीज साडेसहा आणि क्षेत्रफळ साडेसात आहे. रीत अशी: बेरजेचे अर्धे करायचे, 3.25. त्याचा वर्ग 10.5625. त्यातून क्षेत्रफळ वजा, 3.0625. त्याचे वर्गमूळ 1.75. हे अर्ध्यात मिळवले की 5, वजा केले की 1.5. यातील मधली पायरी म्हणजे वर पाहिलेले (α − β)² चे सूत्रच आहे, दोन्हीकडे 4 ने भागलेले. तिथे अक्षरे नव्हती, सहगुणक नव्हते, पण बेरीज आणि गुणाकार यांवरून अंतर काढण्याची युक्ती पूर्ण होती.

सहगुणकांशी तिचा संबंध जोडायला अक्षरे लागली, आणि ती फ्रान्समधून आली. फ्रांस्वा व्हिएत (१५४०–१६०३) हा पेशाने वकील, राजदरबारातील सल्लागार आणि शत्रूची सांकेतिक पत्रे उलगडण्यात वाकबगार. १५९१ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने अज्ञात राशींसाठी स्वर आणि ज्ञात राशींसाठी व्यंजने वापरली. त्याआधी बीजगणितात विशिष्ट आकड्यांची उदाहरणे असत. दिलेल्या संख्येलाच अक्षर दिल्यावर ‘कोणत्याही समीकरणात मधल्या सहगुणकाचे मुळांशी नाते काय?’ असा प्रश्न प्रथमच विचारता आला. हे संबंध आज व्हिएतच्या नावाने ओळखले जातात. मात्र त्याने फक्त धन मुळे जमेस धरली होती. ऋण आणि काल्पनिक मुळांसकट, कोणत्याही घाताच्या समीकरणासाठी हा नियम आल्बेर जिरारने १६२९ मध्ये मांडला. नाव एकाचे राहिले असले तरी नियमाला पूर्ण रूप देण्याचे श्रेय जिरारला द्यायला हवे.

काल्पनिक मुळांचा उल्लेख इथे नुसता इतिहासापुरता नाही. या पद्धतीतील सर्वांत फसवी चूक तिथेच होते. α + β = −b/a हे नाते मुळे वास्तव असोत वा नसोत, सारखेच खरे असते. त्यामुळे हिशेब कधी अडखळत नाही, आणि मुळे वास्तव नाहीत हे तो आपणहून सांगतही नाही. x² − 2x + 5 = 0 मध्ये बेरीज 2 आणि गुणाकार 5, दोन्ही धन. ‘म्हणून दोन्ही मुळे धन’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकतो; वर्गांची बेरीज 4 − 10 = −6 येते, आणि वास्तव संख्यांच्या वर्गांची बेरीज ऋण असूच शकत नाही. विवेचक −16 आहे. दोन्ही मुळे धन आहेत म्हणण्यासाठी बेरीज धन, गुणाकार धन आणि विवेचक शून्य किंवा धन, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. गुणाकार ऋण असेल तेव्हा मात्र तिसरी तपासणी लागत नाही. a आणि c यांची चिन्हे विरुद्ध असली की b² − 4ac आपोआप धन होतो, आणि एक मूळ धन, दुसरे ऋण हे लगेच सांगता येते.

वरच्या उदाहरणात −6 या उत्तरानेच धोक्याची सूचना दिली. ती नेहमी मिळत नाही, हे पुढच्या उदाहरणावरून दिसते. k ही वास्तव संख्या आहे आणि

x² − 2kx + (k² + 4k − 6) = 0

या समीकरणाची मुळे वास्तव आहेत. तर मुळांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी किती? बेरीज 2k, गुणाकार k² + 4k − 6. म्हणून

α² + β² = 4k² − 2(k² + 4k − 6) = 2k² − 8k + 12 = 2(k − 2)² + 4.

वर्ग कमीत कमी शून्य असतो, तेव्हा k = 2 असताना उत्तर 4, असे लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. उत्तर धन आहे, नीटस आहे, संशय यावा असे त्यात काही नाही. पण k = 2 ठेवल्यावर समीकरण x² − 4x + 6 = 0 होते आणि त्याचा विवेचक 16 − 24 = −8. ही मुळे वास्तव नाहीत, त्यामुळे अट मोडली. विवेचक आधी पाहिला असता तर 4k² − 4(k² + 4k − 6) = 24 − 16k शून्य किंवा धन हवा, म्हणून k ची किंमत 1.5 किंवा त्याहून कमीच असू शकते हे कळले असते. त्या मर्यादेत 2(k − 2)² + 4 ही राशी k = 1.5 ला सर्वांत लहान होते आणि तिची किंमत 4.5 येते. पडताळा सोपा आहे: k = 1.5 असताना समीकरण x² − 3x + 2.25 = 0, दोन्ही मुळे 1.5, वर्गांची बेरीज 2.25 + 2.25. बरोबर उत्तर 4.5. ज्या प्रश्नात k सारखी बदलती राशी आहे आणि ‘वास्तव मुळे’ हे शब्द आहेत तिथे विवेचकाची ओळ बेरीज-गुणाकाराच्या आधी लिहावी, नंतर नव्हे.

या पद्धतीचा फार सुंदर उपयोग भूमितीत होतो. y = x² हा अन्वस्त आणि y = 3x + 1 ही रेषा दोन बिंदूंत छेदतात. त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या जीवेचा मध्यबिंदू हवा आहे. छेदबिंदूंचे x-निर्देशक x² − 3x − 1 = 0 ची मुळे आहेत, आणि ती √13 ची पाहुणी. मध्यबिंदूला मात्र त्यांची बेरीज तेवढी लागते: 3/2. म्हणून मध्यबिंदूचा x-निर्देशक 1.5, आणि तो रेषेवर असल्याने y-निर्देशक 3 × 1.5 + 1 = 5.5. दोन ओळींत काम झाले.

आता रेषेतील 1 च्या जागी c ठेवावे. समीकरण x² − 3x − c = 0 होते आणि मुळांची बेरीज तरीही 3 च राहते, कारण c फक्त गुणाकारात आहे. म्हणजे 3 चढ असलेल्या सगळ्या समांतर जीवांचे मध्यबिंदू x = 1.5 या एकाच उभ्या रेषेवर येतात. c कमी करत गेले की जीवा आखूड होत जाते, तिची टोके जवळ येतात, आणि विवेचक 9 + 4c शून्य झाला की ती एका बिंदूत मिटते. त्या क्षणी रेषा अन्वस्ताला स्पर्श करते. दोन्ही मुळे समान झाली तरी बेरीज 3 च, म्हणून स्पर्शबिंदूचा x-निर्देशक पुन्हा 1.5. चढ m धरला तर स्पर्शबिंदू x = m/2 ला असतो; उलट म्हटले तर x या ठिकाणी अन्वस्ताच्या स्पर्शिकेचा चढ 2x. कलनशास्त्रात विकलजाने मिळणारे हे उत्तर मुळांच्या बेरजेतून आले. जीवेच्या मध्यातून अक्षाला समांतर रेषा काढली तर ती अन्वस्ताला जिथे छेदते तिथली स्पर्शिका जीवेला समांतर असते, हे अन्वस्तखंडाच्या क्षेत्रफळावरील आर्किमिडीजच्या लेखनात, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, पायाभूत गोष्ट म्हणून वापरलेले आहे.

वर्गसमीकरण सूत्राने सोडवता येतेच, म्हणून तिथे ही पद्धत श्रम वाचवते एवढेच म्हणता येईल. पण अवयवांतून आलेला युक्तिवाद दोन मुळांपाशी थांबत नाही. x³ + px² + qx + r = 0 च्या तीन मुळांची बेरीज −p, दोन-दोन मुळांच्या गुणाकारांची बेरीज q आणि तिघांचा गुणाकार −r. पाच मुळांच्या समीकरणालाही असेच नियम लागू पडतात, आणि तिथे गोष्ट बदलते. सर्वसाधारण पाचव्या घाताचे समीकरण केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मूळ काढणे यांनी सोडवणारे सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केले. x⁵ − x − 1 = 0 हे तसे न सुटणाऱ्या समीकरणांपैकी एक आहे. तरीही त्यात x⁴ चे पद नाही म्हणून पाचही मुळांची बेरीज शून्य, x³ चे पद नाही म्हणून दोन-दोन मुळांच्या गुणाकारांची बेरीजही शून्य, आणि पाचही मुळांचा गुणाकार 1. या पहिल्या दोन गोष्टींवरून मुळांच्या वर्गांची बेरीज 0² − 2 × 0 = 0 येते. गुणाकार 1 असल्याने एकही मूळ शून्य नाही, आणि शून्य नसलेल्या पाच वास्तव संख्यांच्या वर्गांची बेरीज शून्य होऊ शकत नाही. म्हणून या समीकरणाची सगळी मुळे वास्तव नाहीत.